D/F# आली की काय वाजवायचं: साधी कॉर्ड, पूर्ण स्लॅश कॉर्ड की फक्त वरच्या तारा?

जुळे सोलापुरात एका ओळखीच्या घरी आमची भावगीतांची तालीम चालते. गाणाऱ्या ताई, पेटी, तबला, कधी कीबोर्ड आणि गिटार. मागच्या महिन्यात नव्यानं यायला लागलेल्या मुलानं मोबाईलवरचा कॉर्डचा कागद पुढे केला आणि विचारलं, "सर, इथं D/F# लिहिलंय. म्हणजे D वाजवू का F#?"

दोन्हींतलं एक निवडायचं, असा त्याचा अर्थ नाही. तिरक्या रेषेच्या आधी असते ती कॉर्ड आणि नंतर असतो तो सगळ्यांत खालचा सूर. D मध्ये D, F# आणि A हे तीन सूर असतात. त्यातला F# तळाला ठेवायचा, एवढंच कागद सांगतो. कॉर्डचाच एखादा सूर असा तळाला गेला की त्याला इन्व्हर्शन म्हणतात. त्या मुलाचा खरा प्रश्न मात्र पुढचा होता: हे सगळं वाजवलंच पाहिजे का, की साधी D चालते?

गिटारवाल्यापुढे तीन वाटा असतात. स्लॅश सोडून साधी कॉर्ड वाजवायची, बेसच्या सुरासकट पूर्ण स्लॅश कॉर्ड वाजवायची, किंवा खालच्या सुराच्या दोन जाड तारा सोडून वरच्या चार वाजवायच्या आणि बेस दुसऱ्याकडे द्यायचा. कुठली वाट बरी हे तुमच्या बोटांपेक्षा शेजारी कोण बसलंय आणि बेस कुठून कुठे चाललाय यावर ठरतं.

आमचंच उदाहरण घेतो. ताईंची पट्टी काळी चार, म्हणून कॅपो पहिल्या फ्रेटवर आणि बोटं G च्या आकारात. धृवपदाला ही चाल होती:

```
G     320003
D/F#  200232
Em    022000
Em/D  xx0000
C     x32010
G/B   x20003
Am7   x02010
D     xx0232
```

आकडे जाड तारेपासून बारीक तारेकडे वाचायचे. x म्हणजे तार वाजवायची नाही, 0 म्हणजे मोकळी.

आता कॉर्ड बाजूला ठेवा आणि नुसता खालचा सूर गा: G, F#, E, D, C, B, A आणि मग D. G ला सा धरला तर सा, नि, ध, प, म, ग, रे, आणि शेवटी प. बिलावलचा अवरोहच आहे हा! गाणारी वरून चाल गाते आणि खालून एक शांत अवरोह उतरत जातो. धृवपदाला जी ओढ येते ती इथून येते.

साध्या कॉर्ड वाजवल्या तर हाच तळ सा, प, ध, ध, म, सा, रे, प असा होतो. त्यातही D ची मोकळी चौथी तार G च्या वर आहे, म्हणजे आधी वर उडी आणि मग एकदम खाली सहाव्या तारेच्या E वर. सूर एकही चुकीचा नाही, गाणारीला अडचण नाही, पण उतरणं गेलं. मी त्या मुलाला दोन्ही पाठोपाठ वाजवून दाखवलं. पेटीवाले काका काही न बोलता दुसऱ्या वेळी मान हलवून गेले.

मग नेहमी पूर्ण स्लॅशच वाजवावी का? नाही. माझा ठोकताळा असा: मागचा बेस, स्लॅशचा बेस आणि पुढचा बेस एकेका सुराच्या अंतरानं एकाच दिशेला जात असतील, तर स्लॅश सोडायची नाही. G, D/F#, Em आणि C, G/B, Am7 ही त्याची ठळक उदाहरणं. पण दोन ओळी नुसती D चालू आहे आणि मध्येच एका मात्रेपुरती D/A लिहिली आहे, तिथे साधी D वाजवली तर काहीही बिघडत नाही. वेगवान गाण्यात बोटं अडखळून ताल हलणार असेल तर मी बिनदिक्कत साधी कॉर्ड घेतो. डगमगता ठेका सगळ्यांना ऐकू येतो, राहिलेला F# थोड्यांनाच.

बोटांचं म्हणाल, तर D/F# दोन तऱ्हांनी धरतात. पहिली, नेहमीची D धरून अंगठा मानेवरून आणायचा आणि सहाव्या तारेचा दुसरा फ्रेट दाबायचा. पोलादी तारांच्या गिटारला नटपाशी मान साधारण 43 मिलिमीटर असते, तिथे बहुतेकांना जमतं. नायलॉन तारांच्या क्लासिकल गिटारला ती 52 च्या आसपास असते, तिथे अंगठ्याचा हट्ट धरू नये. दुसरी तऱ्हा म्हणजे 2x023x. तर्जनी सहाव्या तारेवर, तिच्याच कडेनं पाचवी तार गप्प करायची, मधलं बोट तिसऱ्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका दुसऱ्या तारेच्या तिसऱ्यावर. पहिली तार मोकळी वाजली तर कॉर्डमध्ये E शिरतो, म्हणून ती सोडायची. लहान हातांना मी हीच देतो. G/B तर फुकटात मिळते: C वरून पाचव्या तारेवरचं बोट तिसऱ्या फ्रेटवरून दुसऱ्यावर आणायचं, पुढे Am7 ला ते उचलायचं. सगळा बेस एकाच तारेवर उतरतो.

या चालीत गिटारची एक मर्यादाही दिसते. नेहमीच्या जुळणीत E च्या खाली सूर नाही, म्हणून E नंतरचा D खाली न जाता वर मोकळ्या चौथ्या तारेवर जातो. सप्तक बदललं तरी सुरांची नावं ओळीनं चालतात आणि कान ते सांभाळून घेतो. त्यासाठी अर्ध्या कार्यक्रमात सहावी तार D ला उतरवून ठेवायला मी सांगणार नाही, बाकीच्या कॉर्डचे आकार बिघडतात.

आता तिसरी वाट. पेटी आणि तबल्याबरोबर बसलात तर सुरातला बेस जवळजवळ तुमच्याकडेच असतो. पेटीवाल्याचा एक हात भात्यावर, दुसरा चालीवर. डग्ग्याला खालची गुंज असते, पण तो कॉर्डचा सूर देत नाही. तिथे पूर्ण स्लॅश वाजवा. शेजारी बेस गिटार असेल किंवा कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस धरत असेल, तर मात्र वरच्या चार तारांवर या.

का, ते एका प्रसंगातून कळलं. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांतल्या एका कार्यक्रमात कीबोर्डवर G/B आली. त्याच्या डाव्या हातात B होता, पण गिटारच्या पाचव्या तारेवर येतो त्याच उंचीचा. मी सवयीनं सहा तारांची G वाजवली. माझा सहाव्या तारेवरचा G त्याच्या B च्याही खाली होता. म्हणजे त्यानं अचूक वाजवूनही ऐकणाऱ्याला तळाशी G च गेला, आणि C ते A मधली पायरी माझ्यामुळे हरवली. तो आणखी एक सप्तक खाली असता तर बेस B च राहिला असता, पण खाली दोन सूर जवळजवळ आल्यानं गढूळ लागलं असतं. मी वरच्या चारच तारा वाजवल्या असत्या, xx0003, तर दोन्ही टळलं असतं.

कीबोर्डवाल्याला कागद देताना आणखी एक सांभाळा. कॅपो पहिल्या फ्रेटवर असताना तुमच्या बोटांची D/F# प्रत्यक्षात Eb/G वाजते. त्याला ट्रान्सपोझ एकनं वर करायला सांगा, नाहीतर पट्टी बदलून लिहा. लिहिताना रेषेच्या दोन्ही बाजू बदलाव्या लागतात. आधीचं अक्षर बदललं आणि नंतरचं तसंच राहिलं, ही चूक मी फार कागदांवर पाहिली आहे. Eb/F# वाचून बेसवाल्याचा चेहरा बघण्यासारखा होतो, कारण Eb च्या सुरांत F# नाहीच.

साधी कॉर्ड घ्यायची ठरवलीत तरी एक अपवाद लक्षात ठेवा. काही स्लॅशमध्ये खालचा सूर वरच्या कॉर्डचा नसतोच. F/G घ्या. F मध्ये F, A, C. G बाहेरचा. ही कॉर्ड बहुधा C वर घरी येण्याआधी येते आणि G चं काम करते. इथे नेहमीच्या सवयीनं रेषेनंतरचं अक्षर पुसून F वाजवलीत तर C कडे जाण्याची ओढ मंदावते. जमत असेल तर 3x3211 वाजवा, मधली पाचवी तार गप्प ठेवून. नसेल जमत तर F ऐवजी G घ्या, ती जास्त जवळची आहे. म्हणून स्लॅश सोडण्याआधी खालचा सूर वरच्या कॉर्डमध्ये आहे का, हे आधी तपासा.

आणि ज्यांना वाटतं की आपण इन्व्हर्शन वाजवतच नाही, त्यांनी आपली C ऐकावी. सहाच्या सहा तारा झोडपल्या की मोकळी सहावी तार खाली E देते, म्हणजे नकळत C/E वाजते. गाण्याच्या मध्ये ती खपून जाते. शेवटच्या समेवर मात्र गाणं टेकल्यासारखं वाटत नाही, आणि कारण सापडत नाही म्हणून बिचारा गाणारा पुन्हा सा लावून बघतो. D ला मोकळी सहावी तार लागली तर अजून वाईट, कारण E त्या कॉर्डचाच नाही. मी त्या मुलाला आठवडाभर हेच दिलं होतं: C पाचव्या तारेपासून, D चौथ्यापासून, आणि झटक्यात उजवा हात नेमका कुठून सुरू होतो ते बघायचं.

कागदावरची स्लॅश बरोबर आहे का, हे मूळ गाणं हेडफोनवर ऐकून ठरवा. मोबाईलच्या छोट्या स्पीकरवर खालचे सूर जवळजवळ येतच नाहीत. चालीबरोबर न जाता फक्त तळाचा सूर गुणगुणा आणि तो सहाव्या किंवा पाचव्या तारेवर शोधा. त्या मुलानं असं केलं तेव्हा त्याच्या कागदावर जिथे नुसती G होती तिथे B ऐकू आला, C आणि Am च्या मधोमध. त्यानं पेन काढून G पुढे रेघ मारली आणि B लिहिला.