टप्प्याटप्प्याने निवृत्ती: रोज अर्धा दिवस, कमी दिवस की थेट ब्लॉक?

तास हळूहळू कमी करायचे आणि त्याच काळात पुढच्या माणसाला तयार करायचे, असं ठरलं की चर्चा बहुतेक तासांच्या आकड्यावर अडकते. 40 चे 24 की 20? खरा फरक पडतो तो कोणते तास काढले यावर. पर्याय तीन आहेत.

रोज अर्धा दिवस हा दिसायला सगळ्यात सोपा आणि शिकवण्यासाठी सगळ्यात कमकुवत. ज्येष्ठ माणूस रोज सकाळी चार तास असतो, त्यामुळे शिकणारा दुपारी आलेली प्रत्येक अडचण उद्यावर ढकलतो. निर्णय कधीच त्याच्या गळ्यात पडत नाही. शिवाय कामाचा पसारा तेवढाच राहतो: आठ तासांचं काम चार तासांत कोंबलं जातं, आणि पहिला बळी जातो शिकवण्याचा. प्रकृतीमुळे पूर्ण दिवस झेपत नसेल तरच हा मार्ग घ्यावा.

आठवड्यातले दिवस कमी करणं यात शिकणाऱ्याला एकट्याने सांभाळायचे दिवस मिळतात आणि चूक झालीच, तर ती दुरुस्त करणारा दोन दिवसांत परत येतो.

ब्लॉक म्हणजे आधी पूर्णवेळ काम आणि नंतर पूर्ण सुट्टी, पगार मात्र दोन्ही काळात सारखाच कमी. जर्मनीत 1996 च्या कायद्याखालच्या अर्धवेळ योजनेत ही पद्धत रूढ आहे. कर्मचाऱ्याला ती आवडते, पण तास हळूहळू कमी होतच नाहीत. एका शुक्रवारी माणूस जातो. पुढचा माणूस कामाच्या टप्प्यातच नेमला नाही, तर शिकवायला कुणी उरत नाही. शिवाय आधी केलेल्या कामाचा मोबदला नंतर मिळायचा असतो, म्हणून कंपनी बुडाली तर त्या रकमेला संरक्षण आहे का, हे लेखी बघावं.

आमचा कौल बहुतेक ठिकाणी दुसऱ्याला, पण सुट्टीचे दिवस नीट निवडले तरच. हिशेब विभागाचं उदाहरण घेऊ. तिथे खरा ताण महिनाअखेरच्या खाते बंद करण्याचा आणि त्याहून मोठा वर्षअखेरचा. योजना 12 महिन्यांची केली, तर वर्षअखेर एकदाच येते: शिकणारा ती बघतो, स्वतः करत नाही. म्हणून 14 महिने धरावेत आणि सुरुवात वर्षअखेरच्या एक महिना आधी करावी. पहिली वर्षअखेर दुसऱ्या महिन्यात येते, दुसरी चौदाव्यात.

पहिले चार महिने आठवड्याला 4 दिवस, पुढचे पाच 3 दिवस, शेवटचे पाच 2 दिवस. पहिल्या दोन महिन्यांत खाती ज्येष्ठ बंद करतो आणि दुसरा शेजारी बसून पायऱ्या लिहितो. लिहिणारा शिकणाराच हवा. जाणकाराने लिहिलं की त्याला जे उघड वाटतं तेच गाळलं जातं. तिसऱ्या ते पाचव्या महिन्यात जागा बदलतात: कीबोर्ड शिकणाऱ्याकडे, ज्येष्ठाचे हात मांडीवर. इथवर सुट्टी महिन्याच्या मधल्या निवांत दिवसांत. सहाव्यापासून ती मुद्दाम खाती बंद करण्याच्या दिवसांत ठेवायची आणि ज्येष्ठाने नंतर येऊन तपासायचं. हा उलटा फेर बहुतेक योजनांत राहून जातो.

योजना रुळली की नाही, हे सुट्टीच्या दिवशी ज्येष्ठाला येणाऱ्या फोनवरून कळतं. ‘फाईल कुठे आहे?’ असे प्रश्न लेखनातली उणीव दाखवतात, ‘हे मंजूर करू का?’ हा अधिकाराचा प्रश्न असतो. आठव्या महिन्यातही दुसऱ्या प्रकारचे फोन येत असतील, तर सहीचा अधिकार अजून दिलेलाच नाही. आणखी शिकवून ते सुटणार नाही.

शिकवण्याचे तास करारात वेगळे लिहावेत. अमेरिकेच्या केंद्र सरकारी नोकरीत 2012 च्या कायद्याने आलेल्या अशा योजनेत अर्धवेळ काम असतं आणि साधारणपणे त्यातला किमान 20 टक्के वेळ मार्गदर्शनासाठी, म्हणजे आठवड्याच्या 20 तासांतले 4. आकडा लिहिलेला नसला की ते तास रोजचं काम खाऊन टाकतं.

सही करण्याआधी पेन्शनचं सूत्र मागून घ्या. ते शेवटच्या तीन वर्षांच्या सरासरी पगारावर असेल आणि शेवटच्या वर्षी 60 टक्केच पगार मिळाला, तर सरासरी 100, 100 आणि 60 ची, म्हणजे 86.7 होते. कपात एका वर्षाची, पण पेन्शन जन्मभर 13 टक्क्यांनी कमी. हिशेब पूर्णवेळ पगारावर धरला जाईल असं लेखी मिळत नसेल, तर तास कमी न करता पूर्ण पगारावर शिकवून मग एकदम निवृत्त होणं कर्मचाऱ्याला परवडतं.