गाण्याचं डेस्कटॉप ॲप: दर वेळी ‘री-इन्स्टॉल करा’ हे उत्तर नव्हे

ॲपचं नाव लिहीत नाही. हेल्पडेस्कशी झालेली वादावादी ताजी आहे, आणि त्याच्या जातीच्या बहुतेक ॲप्सना हेच लागू पडेल. गाण्यांचा साठा, आवाजाचा दर्जा, प्लेलिस्ट वगैरे सगळ्यांना माहीत आहे, त्यावर वेळ घालवत नाही. वर्षभराचे पैसे आधी भरलेले, त्यामुळे रुसून सोडून देण्याची सोय नव्हती. घरी विंडोजचा साधा डेस्कटॉप, यूपीएस नाही, आणि सांगलीतली वीज तिला वाटेल तेव्हा जाते. हिशेबाचं काम करताना मागे नाट्यसंगीत चालू असलं की जीएसटीचे आकडे जरा तरी सुसह्य होतात, एवढीच माझी गरज.

पहिला झटका असा. ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट झाला, मशीन पुन्हा सुरू केलं, आयकॉनवर डबल क्लिक केलं आणि काहीच नाही. खिडकी नाही, एररही नाही. हेल्पडेस्कवरच्या मुलीनं आवाजात साखर घालून सांगितलं, “सर, एकदा अनइन्स्टॉल करून परत इन्स्टॉल करा.” केलं. नवं ॲपही तसंच गप्प. परत चॅट केलं तर दुसऱ्यानं तेच वाक्य चिकटवलं. तिथे माझं डोकं फिरलं आणि हे ॲप कुठे काय ठेवतं ते शोधायला बसलो.

विंडोजवर अशा ॲपचे दोन संसार असतात. एक प्रोग्रॅमचा: exe, dll आणि सोबतच्या फायली. दुसरा तुमच्या खात्याचा: लॉगिन, सेटिंग आणि कॅश, म्हणजे पुन्हा पुन्हा लागणाऱ्या गोष्टींच्या तात्पुरत्या प्रती. अनइन्स्टॉल बहुतेक वेळा पहिला संसार उचलतं आणि दुसऱ्याला हातही लावत नाही. भाडेकरू बदलला पण माळ्यावरचा पसारा तसाच, असला प्रकार. नवं ॲप येतं, त्याच माळ्यावर चढतं आणि त्याच बिघडलेल्या फायलीत अडकतं. हा माळा बघायचा असेल तर Win+R दाबून यातली एकेक ओळ टाका आणि ॲपच्या नावाचा फोल्डर शोधा:

```
%APPDATA%
%LOCALAPPDATA%
```

आतून क्रोमियमवर, म्हणजे क्रोम ब्राउझरच्याच गाभ्यावर, चालणाऱ्या ॲप्सच्या फोल्डरमध्ये `Cache`, `Code Cache` आणि `GPUCache` हे तिघे बहुधा भेटतात. पहिल्यात चित्रं आणि पानं, दुसऱ्यात आधीच तयार करून ठेवलेला कोड, तिसऱ्यात ग्राफिक्ससाठी केलेली तयारी. तिन्ही निर्धास्त उडवता येतात, कारण ॲप पुढच्या वेळी ते नव्याने बनवतं. शेजारचे `Local Storage`, `IndexedDB` आणि कुकीज मात्र वेगळे. तिथे लॉगिन आणि आवडीनिवडी असतात, त्यांना हात लावला की पासवर्डपासून सगळं परत.

उडवण्याआधी एक काम विसरू नका. `Task Manager` उघडून ॲपच्या नावाची प्रत्येक प्रोसेस `End task` करा. खिडकी दिसत नसली तरी जुनी प्रोसेस मागे लटकलेली असते. अशी ॲप्स स्वतःची दुसरी प्रत उघडू देत नाहीत, तुमचा डबल क्लिक त्या लटकलेल्या प्रोसेसकडे जातो आणि तिथेच विरतो. कित्येकदा एवढ्यानेच काम होतं. माझं झालं नाही. मग ते तीन कॅश फोल्डर काढले आणि ॲप पहिल्या क्लिकला उघडलं. लॉगिन जागेवर, डाउनलोड केलेली गाणी जागेवर. नव्या ड्रायव्हरशी जुन्या `GPUCache`चं जमलं नसावं, असा माझा कयास.

आता मुख्य राग. कॅश साफ करायचं बटण कंपनीनं ठेवलंय कुठे, तर ॲपच्या आत, सेटिंगमध्ये! ॲप उघडत नाही म्हणून कॅश साफ करायची, आणि ते करायला आधी ॲप उघडायचं. हे ज्यानं ठरवलं त्याचं ॲप कधी बंदच पडलं नसेल. अनइन्स्टॉल करताना ‘तुमची माहितीही पुसू का?’ असा एक चौकोन दिला असता तर माझी संध्याकाळ वाचली असती. यावर मी दोन तारे कापले होते आणि अजून ते परत दिलेले नाहीत.

पावसाळ्यात दुसरा प्रकार झाला. गाणं चालू असताना वीज गेली, आली, आणि ॲपची खिडकी क्षणभर चमकून बंद व्हायला लागली. प्रोसेस मारून, तिन्ही कॅश काढूनही तेच. फोल्डरमधल्या फायली तारखेप्रमाणे लावल्या तर वीज गेली त्याच मिनिटाची एक सेटिंगची फाइल दिसली. आकार काही केबी, पण नोटपॅडमध्ये उघडली तर आत एक अक्षर नाही, नुसती कोरी जागा. विंडोजची फाइल सिस्टिम फाइलचं नाव आणि आकार यांची नोंद जपते, पण आतला मजकूर डिस्कवर उतरण्याआधी वीज गेली तर जागा शून्यांनी भरलेली उरू शकते. अशा फायलीला कॅश साफ करणं पोहोचत नाही, कारण ती कॅश नव्हेच. री-इन्स्टॉलही पोहोचत नाही, कारण ती माळ्यावर आहे. मी फाइल पुसली नाही, नावापुढे `.old` लावलं. ॲपनं नवी फाइल बनवली आणि उघडलं. आवाजाची पातळी, थीम असलं किरकोळ काही परत लावावं लागलं, बाकी काही नाही.

हेल्पडेस्कचा सल्ला या वेळी एक पायरी वर गेला होता: ‘क्लीन री-इन्स्टॉल’. म्हणजे अनइन्स्टॉल करून दोन्ही ठिकाणचे फोल्डर समूळ पुसायचे. याने ॲप उघडलं असतं यात शंका नाही, पण किंमत कुणी सांगत नाही. डाउनलोड केलेली गाणी कुलूपबंद असतात आणि किल्ली त्या माळ्यावरच्या माहितीत असते. ती पुसली की डी ड्राइव्हवर ठेवलेली गाणी जागा अडवून बसतात, पण ॲप त्यांना ओळखत नाही. हिशेब करा. ३२० केबीपीएसला मिनिटाला सुमारे २.४ एमबी, पाच मिनिटांचं गाणं १२ एमबी, आणि अशी ५०० गाणी म्हणजे ६ जीबी. माझं घर मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालतं, रोजचे २ जीबी. कंपनीला एक वाक्य टाइप करायचा कंटाळा आणि माझा तीन दिवसांचा पूर्ण डेटा गेला असता!

री-इन्स्टॉल अगदीच बिनकामाचं, असं मात्र नाही. एकदा अपडेट अर्धवट राहिलं तेव्हा क्लिक केल्याबरोबर अमुक dll सापडत नाही असा चौकोन आला. तिथे प्रोग्रॅमच मोडला होता, री-इन्स्टॉलनं दोन मिनिटांत सुटलं. अँटिव्हायरसनं exe उचलून नेली तरी हाच इलाज, फक्त आधी अँटिव्हायरसच्या क्वारंटाइनमध्ये डोकवून त्या फायलीला परवानगी द्या, नाहीतर तो नवीही नेईल. माझा अंदाज असा बसलाय: `Task Manager`मध्ये प्रोसेस दिसते पण खिडकी नाही, किंवा खिडकी येऊन जाते, तर संशय माळ्यावर. प्रोसेस येतच नाही किंवा फाइलचं नाव घेऊन एरर येते, तर संशय प्रोग्रॅमवर. दर वेळी खरं ठरेल असं नाही, पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

इथवर लिहून मी हा अनुभव ठेवून दिला होता. नंतर दोन गोष्टी घडल्या, म्हणून भर.

पहिली म्हणजे ॲप मुकं झालं. गाणं चालू, वेळ पुढे सरकतोय, आवाज शून्य. ब्राउझरमध्ये तेच गाणं नीट वाजत होतं. हेल्पडेस्क काय म्हणालं असेल ते ओळखा! या वेळी मी ऐकलंच नाही, कारण वेळ पुढे सरकतोय म्हणजे गाणं ॲपपर्यंत आलंय. ०:०० वर अडकलं असतं किंवा गाण्यामागून गाणी उड्या मारत गेली असती तर कॅश साफ करण्यात अर्थ होता. Win+R मध्ये हे टाकलं:

```
sndvol
```

जुना व्हॉल्यूम मिक्सर उघडतो. त्यात प्रत्येक ॲपखाली आवाजाची हिरवी पट्टी नाचते. माझं ॲप यादीतच नव्हतं. वरच्या `Device` मेनूतून मॉनिटर निवडला, तर तिथे पट्टी मजेत नाचत होती. भाच्यानं एचडीएमआयचा नवा मॉनिटर जोडून दिला होता आणि ॲपचा आवाज त्याच्याकडे वळला होता. त्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. विंडोज ११ मध्ये `Settings > System > Sound > Volume mixer` इथे जाऊन ॲपचं `Output device` परत `Default` केलं, संपलं. गाणं चालू ठेवून बघा, नाहीतर ॲप त्या यादीत दिसेलच असं नाही.

यातली मेख अशी की कोणत्या ॲपचा आवाज किती आणि कुठे, हे विंडोज स्वतःकडे लिहून ठेवतं, exe च्या पत्त्यासकट. ॲप काढून त्याच जागी परत टाकलं तर विंडोज जुनीच नोंद लावतं. मिक्सरमध्ये म्यूट झालेलं ॲप री-इन्स्टॉलनंतरही म्यूटच निघतं. म्हणजे माळ्यापलीकडे तिसरी जागा आहे, आणि ती ॲपच्या हातातच नाही.

दुसरी गोष्ट सुखद. हेच ॲप मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधूनही मिळतं आणि आता मी तेच वापरतो. तिथून घेतलेल्या ॲपचा माळा `%LOCALAPPDATA%\Packages` मध्ये वेगळा बांधलेला असतो, आणि अनइन्स्टॉल केलं की तो खरंच रिकामा होतो. शिवाय `Settings > Apps > Installed apps` मध्ये ॲपशेजारच्या तीन टिंबांतून `Advanced options` उघडलं की `Repair` आणि `Reset` अशी दोन बटणं मिळतात, तीही ॲप न उघडता. `Repair` माहिती ठेवतं, `Reset` सगळं पुसतं. म्हणजे मी ज्या बटणासाठी भांडत होतो ते मायक्रोसॉफ्टनं देऊन ठेवलंय आणि कंपनीच्या मदत करणाऱ्यांना त्याचा पत्ता नाही. फोल्डर बदलल्यामुळे ती ६ जीबी मात्र मला परत उतरवावी लागलीच, रोज थोडी थोडी, रात्री उरलेल्या डेटावर.

पाचपैकी साडेतीन. अर्धा तारा स्टोअरच्या आवृत्तीचा, तो खरं तर मायक्रोसॉफ्टला जायला हवा. वर्ष संपलं की महिन्याचाच प्लॅन घेणार आहे, महाग पडला तरी. आणि त्याआधी यूपीएस.