ट्रेनिंग बाँडचे 24 महिने कुठून मोजतात ते बघा, माझे 1,77,000 रुपये गेले

बाँडचा पूर्ण काळ भरला, 90 दिवसांचा नोटीस पीरियड इमानदारीत काढला, हातातलं सगळं काम दुसऱ्याला शिकवून दिलं आणि तरीही कंपनीने माझ्याकडून 1,77,000 रुपये उकळले. वडिलांची 80,000 ची एफडी मोडावी लागली. कंपनीचं नाव इथे लिहीत नाही, कारण माझा एक सही केलेला कोरा चेक अजून त्यांच्याकडे आहे. पण हीच कलमं आज कितीतरी फ्रेशर्सच्या करारात आहेत, म्हणून सगळं लिहिते.

मी पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत 4 जुलै 2022 ला रुजू झाले. ऑफर लेटरमध्ये एकच ओळ होती, ‘उमेदवारास सेवा करार लागू राहील’. करार कुठे? तो रुजू होण्याच्या दिवशी समोर आला. 100 रुपयांच्या स्टॅम्प पेपरला जोडलेली टाचणबंद पानं, शेजारी नोटरी बसलेला, आणि आमची अख्खी बॅच रांगेत. वडिलांची जामीनदार म्हणून सही आधीच कुरिअरने मागवून घेतली होती. दोन कोरे चेक आणि डिग्रीची मूळ प्रत त्याच टेबलावर जमा. अशा वेळी कोणी ‘मला दोन दिवस द्या, वकिलाला दाखवते’ म्हणत नाही. दुसरी ऑफर सोडून आलेली असते, रूमचं डिपॉझिट भरलेलं असतं. हे त्यांना पक्कं ठाऊक असतं, म्हणून तर करार आधी पाठवत नाहीत. तुमच्या ऑफर लेटरमध्ये अशी ओळ असेल तर ऑफर स्वीकारण्याआधीच मेल करून कराराचा मसुदा मागा. दिला नाही तर तो नकारही मेलवर राहू द्या.

आम्हाला तोंडी सांगितलं, ‘दोन वर्षांचा बाँड, दीड लाखाचा.’ दोन वर्षं म्हणजे 3 जुलै 2024 ला संपणार, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. कलम 7.3 मात्र वेगळंच होतं. त्याचा मराठीत अर्थ असा: ‘कंपनीने प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण झाल्याचे प्रमाणित केल्याच्या दिनांकापासून सलग 24 महिने.’ रुजू झाल्यापासून नाही, वर्ग संपल्यापासूनही नाही. कंपनी जेव्हा प्रमाणित करेल तेव्हापासून. आणि ती कधी करेल, याला करारात कसलीच मुदत नाही.

आमचे वर्ग सहा आठवडे चालले. कंपनीतलाच एक सीनियर शिकवायचा, उरलेलं रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंवर. 16 ऑगस्ट 2022 पासून माझ्या टाइमशीटवर ग्राहकाच्या प्रोजेक्टचा कोड आहे आणि प्रत्येक तासापुढे ‘बिलेबल’ लिहिलेलं आहे. म्हणजे त्या दिवसापासून माझ्या कामाचे पैसे कंपनी ग्राहकाकडून घेत होती. मी मात्र डिसेंबरअखेरपर्यंत 15,000 च्या स्टायपेंडवर.

मग 16 जानेवारी 2023 ला मेल आला. ‘अभिनंदन, आपले प्रशिक्षण यशस्वीरीत्या पूर्ण झाले आहे’, सोबत रंगीत बॉर्डरचं प्रमाणपत्र, आणि त्यावर ‘पूर्णता दिनांक 31 डिसेंबर 2022’. मी ते घरच्या ग्रुपवर टाकलं, काकांनी पेढे आणले. तो क्षण आठवला की आजही तळपायाची आग मस्तकात जाते. चार महिन्यांहून जास्त काळ ग्राहकाचं काम करणाऱ्या माणसाचं प्रशिक्षण डिसेंबरमध्ये कसं संपतं, हा प्रश्न तिथेच पडायला हवा होता. ते प्रमाणपत्र म्हणजे बाँडचं घड्याळ सहा महिने मागे फिरवल्याची पावती होती. पण पगार वाढला होता, मॅनेजर कौतुक करत होता आणि करार माझ्याकडे नव्हताच, त्याची प्रत आम्हाला दिलीच नव्हती. त्या मेलला ‘माझे वर्ग ऑगस्टमध्येच संपले आणि तेव्हापासून मी प्रोजेक्टवर आहे’ एवढं एका ओळीचं उत्तर गेलं असतं तर आज माझ्या हातात कागद असता. तुम्हाला असं प्रमाणपत्र आलं तर आनंद नंतर साजरा करा, आधी तारीख वाचा आणि टाइमशीटचे स्क्रीनशॉट घरच्या मेलवर घेऊन ठेवा. शेवटच्या दिवशी लॉगिन बंद होतं.

5 एप्रिल 2024 ला राजीनामा दिला, शेवटचा दिवस 4 जुलै. तीन महिन्यांत एचआरने बाँडचा ब्रही काढला नाही. 1 जुलैला हिशेब आला. बाँड 1,50,000, त्यावर 18 टक्के जीएसटी 27,000, एकूण 1,77,000. त्यातून थांबवून ठेवलेला जूनचा पगार 28,600 आणि शिल्लक रजांचे 6,400 वजा. बाकी 1,42,000, ते भरल्याशिवाय रिलीव्हिंग लेटर नाही. नवीन कंपनीत 8 जुलैला रुजू व्हायचं होतं आणि तिथे त्या लेटरशिवाय आत घेत नव्हते. नाक दाबलं की तोंड उघडतं. मी 4 जुलैला एनईएफटी केलं.

आता त्यांचीच तारीख खरी धरून हिशेब करू. 1 जानेवारी 2023 पासून 4 जुलै 2024 पर्यंत 18 महिने भरले, सहा राहिले. दीड लाखाचे 24 भाग केले तर सहा महिन्यांचे 37,500 होतात. घेतले पूर्ण दीड लाख, कारण करारात प्रमाणात रक्कम कमी करण्याचं कलमच नाही. 23 महिने भरून सोडलं असतं तरी दीड लाखच! बाँड वाचताना रकमेच्या आकड्याआधी हे शोधा. प्रत्येक भरलेल्या महिन्यागणिक रक्कम घटते का? घटत नसेल तर ती खर्चाची वसुली नाही, तो दंड आहे.

खर्चाचा तपशील मागितला तेव्हा तीन ओळी आल्या. प्रशिक्षक व साहित्य 38,000, पायाभूत सुविधा 22,000, प्रशिक्षण काळातील वेतन 90,000. एकही बिल नाही. ते 90,000 म्हणजे सहा महिन्यांचं माझं स्टायपेंड. त्यातले साडेचार महिने, म्हणजे 67,500 रुपये, मी ग्राहकाचं काम करून कमावलेले. ग्राहकाकडूनही पैसे घेतले आणि माझ्याकडूनही.

कायदा काय म्हणतो ते मला पैसे गेल्यावर कळलं. भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 74 नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. मिळते ती वाजवी भरपाई, आपोआप पूर्ण रक्कम नाही. ‘सुप्रीम कोर्टाने बाँड वैध ठरवला’ असं एचआरवाले आता तोंडावर फेकतात. तो 14 मे 2025 चा विजया बँकेचा निकाल आहे. तिथे तीन वर्षं पूर्ण होण्याआधी नोकरी सोडणाऱ्या सीनियर मॅनेजरकडून घेतलेले 2 लाख कोर्टाने मान्य केले. पण ती सरकारी बँक होती, खुल्या भरती प्रक्रियेचा खर्च आणि अधिकाऱ्याचा हुद्दा व पगार बघून रक्कम वाजवी ठरली. त्यावरून कुठल्याही कंपनीने कुठलाही आकडा लावावा असं होत नाही. शिवाय त्या अधिकाऱ्याने पैसे ‘हरकत नोंदवून’ भरले होते आणि मग कोर्टात गेला. मला हे कोणी सांगितलं नाही. भरायचीच वेळ आली तर भरण्याआधी मेल टाका: ‘रक्कम मान्य नाही, केवळ रिलीव्हिंग लेटर अडवल्यामुळे हरकत नोंदवून भरत आहे.’

आणि तो जीएसटी! 3 ऑगस्ट 2022 च्या केंद्रीय परिपत्रकात, क्रमांक 178/10/2022, स्पष्ट लिहिलं आहे की मुदतीआधी नोकरी सोडल्यावर भरलेल्या बाँडच्या रकमेवर जीएसटी लागत नाही. माझ्याकडून 2024 मध्ये 27,000 घेतले, टॅक्स इनव्हॉइस नाही, फक्त एक्सेलची शीट. कर म्हणून गोळा केलेली रक्कम सरकारजमा करावीच लागते. ती केली का, हे मला आजतागायत कोणी सांगितलेलं नाही. तुमच्या हिशेबात अशी ओळ दिसली तर परिपत्रकाचा क्रमांक लिहून ती काढायला सांगा, आणि नाही काढली तर इनव्हॉइस मागा.

दाद मागायला गेले तर सगळीकडे टोलवाटोलवी. कामगार खात्याच्या कार्यालयातल्या साहेबांनी फाइल न उघडताच सांगितलं, ‘तुम्ही इंजिनिअर, तुम्ही कामगारात येत नाही.’ माझ्या हाताखाली एक माणूस नव्हता. तेव्हा लागू असलेल्या औद्योगिक विवाद कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येत ‘तांत्रिक’ काम करणारा स्पष्ट शब्दांत होता. मी ते छापून नेलं होतं, त्यांनी कागद परत माझ्याकडे सरकवला. ‘लेखी द्या की माझा अर्ज घेत नाही’ म्हटलं तर ‘लेखी कशाला, मी सांगतोय ना.’ पोलीस म्हणाले दिवाणी मामला. मूळ डिग्री अडकवून ठेवली होती हे सांगितलं तर ‘तुम्ही स्वतःच दिलीत ना?’ जीएसटीच्या हेल्पलाइनने कंपनीकडे विचारायला सांगितलं. म्हणजे ज्याने घेतले त्यालाच विचारा! एका वकिलांनी दाव्याची फी 25,000 सांगितली आणि वर ‘दोन-चार वर्षं धरून चाला.’ 22-23 वर्षांच्या मुलांच्या पगारातून हे पैसे राजरोस काढले जातात आणि एकही टेबल म्हणत नाही की हे आमचं काम आहे. हे सगळं कंपन्यांना माहीत असतं, म्हणूनच रक्कम अशी ठेवतात की भरताना कंबरडं मोडावं, पण कोर्टात जाणं परवडू नये.

तरीही नोटीस पाठवली आहे. 27,000 परत द्या किंवा कर भरल्याचा पुरावा द्या, भरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात बाँडची रक्कम परत करा आणि चेक परत करा. दावा लावायला तीन वर्षांची मुदत असते, त्यामुळे अजून वेळ आहे. डिग्री मिळाली, एक चेक मिळाला, दुसऱ्याबद्दल ‘फाइलमध्ये सापडत नाही’ एवढंच उत्तर. बँकेत स्टॉप पेमेंट दिलं आहे, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. स्टॉप पेमेंट केलेला चेक परत गेला तरी चेक न वटल्याबद्दल कलम 138 ची केस होऊ शकते, आणि स्वखुशीने सही करून दिलेला कोरा चेक दुसऱ्याने भरला तरी तो देण्यापोटीच दिला असं कोर्ट गृहीत धरून चालतं, उलट सिद्ध करणं आपल्यावर येतं. म्हणून मी चेकचा क्रमांक लिहून, ‘हिशेब 4 जुलै 2024 ला पूर्ण झाला असून या चेकपोटी कोणतेही देणे नाही’ असं पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवलं आणि पोच जपून ठेवली. चेक द्यावाच लागला तर आधी त्याचा फोटो काढा आणि त्याचा क्रमांक करारात लिहून घ्या.