हक्क, मुभा की शक्ती? एका विहिरीवरून केलेली तुलना

शेजारी-शेजारी असलेल्या दोन शेतांची कल्पना करा. पहिल्या शेतकऱ्याची चाळीस फुटांची जुनी विहीर आहे आणि तिच्या पाण्यावर त्याची बाग उभी आहे. दुसऱ्याने बांधाला लागून, पण स्वतःच्या हद्दीत, तीनशे फुटांची बोअर घेतली आणि उन्हाळा येईपर्यंत पहिल्याची विहीर कोरडी पडली. पहिला म्हणतो, "माझ्या विहिरीच्या पाण्यावर माझा हक्क होता." दुसरा म्हणतो, "माझ्या जमिनीत बोअर घ्यायचा मला हक्क होता." दोघांनीही एकच शब्द वापरला आहे आणि बोलीत त्यात काही चूक नाही. विधिशास्त्राच्या विद्यार्थ्याला मात्र या दोन वाक्यांत त्या शब्दाचा अर्थ एकच आहे का, हे आधी ठरवावे लागते, कारण दाव्याचा निकाल त्यावरच ठरतो.

हा अर्थ ठरवण्याचे साधन वेस्ली न्यूकम होफेल्ड या अमेरिकन अभ्यासकाने १९१३ साली येल लॉ जर्नलमधील लेखात दिले. त्याचे म्हणणे असे की न्यायालये ज्याला सरसकट हक्क म्हणतात त्यात निरनिराळी कायदेशीर नाती मिसळलेली असतात, आणि प्रत्येक नाते दोन व्यक्तींमध्ये असल्यामुळे समोरच्या बाजूला काय आहे ते पाहिले की ते ओळखता येते. समोर कर्तव्य असेल तर इकडे खरा हक्क आहे. समोर कर्तव्य नसून केवळ हक्काचा अभाव असेल, तर इकडे मुभा आहे. पाठ्यपुस्तकांत तिला स्वातंत्र्य म्हणतात. आणि आपल्या कृतीने समोरच्याची कायदेशीर स्थितीच बदलत असेल, तर ती शक्ती आहे व समोरचा तिच्या अधीन आहे. 'अधिकार' हा शब्द मी येथे मुद्दाम टाळला आहे, कारण मराठीत तो हक्क आणि शक्ती या दोन्ही अर्थांनी चालतो आणि नेमका घोटाळा तेथेच होतो.

हक्क आणि मुभा यांत निवड करताना एकच प्रश्न उपयोगी पडतो: वाक्य कोणाच्या वागण्याबद्दल आहे? हक्क नेहमी दुसऱ्याच्या वागण्याबद्दल असतो, म्हणजे त्याने काही करावे किंवा करू नये याबद्दल. मुभा स्वतःच्या वागण्याबद्दल असते आणि तिचा अर्थ एवढाच की तसे न करण्याचे कर्तव्य माझ्यावर नाही. "बोअर घ्यायचा मला हक्क होता" या वाक्यात दुसऱ्या शेतकऱ्याची स्वतःचीच कृती आहे, म्हणून ते मुभेचे वाक्य आहे. "पाण्यावर माझा हक्क होता" हे वाक्य खरे ठरायचे तर शेजाऱ्यावर ते पाणी न ओढण्याचे कर्तव्य असायला हवे. ते आहे का, हे व्याकरणातून कळत नाही. त्यासाठी कायदाच उघडावा लागतो.

दुसऱ्याच्या जमिनीवरून वाट किंवा पाणी नेण्यासारख्या हक्काला कायद्यात सुविधाधिकार म्हणतात. त्याबद्दलचा १८८२ चा भारतीय सुविधाधिकार अधिनियम १८९१ साली मुंबई इलाख्याला लागू झाला. त्याच्या कलम ७ च्या उदाहरणांत म्हटले आहे की निश्चित प्रवाहातून न वाहणारे भूमिगत पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा व त्याची विल्हेवाट लावण्याचा हक्क प्रत्येक जमीनमालकाला आहे. कायद्याचा शब्द हक्क असला तरी कसोटी लावल्यावर ती मुभा निघते, आणि ती दोन्ही शेतकऱ्यांना सारखीच आहे. झिरपणारे पाणी पहिल्याने आपल्या विहिरीतून काढावे, दुसऱ्याने बोअरमधून. एकाने काढल्यामुळे दुसऱ्याला कमी पडले, तरी कोणी कर्तव्य मोडलेले नसते. वीस वर्षांच्या वहिवाटीचा आधार घ्यावा, तर कलम १७ अशा पाण्यावर वहिवाटीने हक्क मिळू देत नाही. पहिल्याची बाग तीन पिढ्यांची असली तरी या पायावर त्याचा दावा टिकत नाही. हा निकाल अनेकांना बोचतो आणि तो बोचायलाही हवा, पण तो का लागतो ते या फरकाशिवाय सांगता येत नाही.

इंग्लंडमध्ये ही भूमिका किती टोकाला गेली ते १८९५ च्या ब्रॅडफर्ड विरुद्ध पिकल्स खटल्यात दिसते. शहराला पाणी पुरवणाऱ्या झऱ्यांच्या वरच्या अंगाला पिकल्सची जमीन होती. त्याने तेथे खोदकाम सुरू केले. नगरपालिकेचा आरोप असा होता की आपली जमीन तिने विकत घ्यावी म्हणून तो हे करत आहे. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे काम करणाऱ्या हाउस ऑफ लॉर्ड्सने हेतूकडे पाहण्यास नकार दिला, कारण जी कृती करण्याची मुभा आहे ती वाईट हेतूने केल्याने बेकायदा ठरत नाही. त्याच्या दहा वर्षे आधी, १८८५ साली, बॅलर्ड विरुद्ध टॉमलिन्सन या खटल्यात निकाल उलट लागला होता. तेथे एकाने आपल्या जुन्या विहिरीत सांडपाणी सोडले आणि जमिनीखालून ते शेजारच्या दारूभट्टीच्या विहिरीत पोचले. न्यायालयाने त्याला जबाबदार धरले. पाणी तसेच झिरपणारे आणि पक्षही तसेच शेजारी, तरी निकाल वेगळे का? पाणी ओढून घेण्याविरुद्ध शेजाऱ्याला हक्क नाही, पण येणारे पाणी घाण करण्याविरुद्ध आहे. आपल्या उदाहरणातील बोअरवाल्याने जुन्या खड्ड्यात कीटकनाशकाचे पाणी सोडले असते, तर पहिल्याचे "माझा हक्क" हे वाक्य खरे ठरले असते. म्हणून 'विहिरीवरचा हक्क' असे एकच नाव घेऊन चालत नाही; प्रत्येक कृतीबद्दल वेगळे विचारावे लागते.

मुभेवरून हक्काकडे घेतलेली उडी ही सर्वांत वारंवार होणारी चूक आहे, आणि ती मोठ्या न्यायाधीशांकडूनही झालेली आहे. १९०१ च्या क्विन विरुद्ध लेथम खटल्यात लॉर्ड लिंडले यांनी म्हटले की फिर्यादीला आपल्या पद्धतीने उपजीविका करण्याची मोकळीक होती, आणि म्हणून तीत अडथळा न आणण्याचे कर्तव्य इतर सर्वांवर होते. होफेल्डने हेच वाक्य धरून दाखवले की 'म्हणून' हा शब्द तेथे बसत नाही. मला दुकान काढण्याची मुभा आहे एवढ्यावरून शेजारी दुसरे दुकान न काढण्याचे कर्तव्य कोणावर येत नाही. असे कर्तव्य असू शकते, पण ते स्वतंत्र नियमातून दाखवून द्यावे लागते. उत्तरपत्रिकेत 'मुभा आहे, सबब इतरांनी अडवू नये' असे वाक्य दिसले की तेथे एक पायरी सुटलेली असते. ती पायरी बहुधा उपलब्ध असते, एवढे मात्र लक्षात ठेवावे. पहिल्याच्या विहिरीत शेजाऱ्याने शिरून मोटार तोडली तर अतिक्रमणाचा आणि नुकसानीचा नियम त्याला संरक्षण देतो. मुभेभोवती असे हक्कांचे कुंपण असते; पण ते कुंपण म्हणजे मुभा नव्हे, आणि ते प्रत्येक बाजूने पुरते असतेच असे नाही.

शक्ती ओळखण्यासाठी हीच दोन शेते पुढे नेऊ. पहिल्याला आता दूरच्या ओढ्यावरून पाइपलाइन आणायची आहे आणि ती दुसऱ्याच्या शेतातून जाते. दुसरा तोंडी म्हणतो, "टाक बाबा, काही हरकत नाही." या वाक्याने त्याने एक शक्ती वापरली: आजवर पहिल्यावर असलेले, शेतात न शिरण्याचे कर्तव्य संपले आणि त्या जागी मुभा आली. सुविधाधिकार अधिनियमाचे कलम ५२ अशा परवानगीची व्याख्या करताना पुन्हा 'हक्क' हाच शब्द वापरते. परंतु दुसऱ्याकडे ही परवानगी मागे घेण्याची शक्तीही उरते. तो उद्या नको म्हणाला, तर मुभा जाऊन कर्तव्य परत येते, फक्त पाइप काढून नेण्यास वाजवी वेळ मिळतो. शेत विकले गेले तर नवा मालक या परवानगीने बांधलेला नसतो. याउलट दुसऱ्याने त्याच मार्गासाठी सुविधाधिकार दिला असता, तर पहिल्याला खरा हक्क मिळाला असता आणि शेत कोणाच्याही हाती गेले तरी तो टिकला असता. वकिलाकडे जाण्याआधी 'परवानगी घ्यावी की सुविधाधिकार' हे ठरवणाऱ्या माणसाला, शक्ती कोणाच्या हाती राहील, हा खरा प्रश्न आहे.

येथे कलम ६० महत्त्वाचे ठरते. परवानगीच्या भरवशावर कोणी कायम स्वरूपाचे काम केले आणि त्यासाठी खर्च सोसला, तर परवानगी देणाऱ्याला ती मागे घेता येत नाही. पहिल्याने पैसे घालून चर खणून पक्की पाइपलाइन गाडली आणि न्यायालयाने ते कायम स्वरूपाचे काम मानले, तर दुसऱ्याची शक्ती नष्ट होते. त्याने उद्या दहा नोटिसा पाठवल्या तरी पहिल्याच्या स्थितीत बदल होत नाही. पहिल्याजवळ आता मुभेबरोबर उन्मुक्तीही आहे, म्हणजे त्याची स्थिती बदलण्याची शक्ती दुसऱ्याकडे नाही. लक्षात घ्या, पाणी तेच, पाइप तोच आणि शेतावरचे दृश्यही तेच. बदल झाला तो फक्त कोण काय बदलू शकतो यात. मुभेची कसोटी 'मी हे केले तर कर्तव्य मोडते का?' ही आहे, तर शक्तीची 'मी हे केले तर कोणाचे कर्तव्य निर्माण होते किंवा संपते का?' ही आहे.

शक्ती असली म्हणजे मुभाही असते, हा समजही तपासून घ्यावा. भारतीय करार अधिनियमाच्या कलम २३७ च्या उदाहरणात मालक एजंटाला ठरावीक किमतीखाली माल न विकण्यास सांगतो. ही सूचना माहीत नसलेल्या खरेदीदाराशी एजंट कमी किमतीत करार करतो आणि मालक त्या कराराने बांधला जातो. एजंटावर तसे न करण्याचे कर्तव्य होते, म्हणजे मुभा नव्हती. तरीही मालकाला बांधण्याची शक्ती त्याच्याकडे होती. एका कृतीने तो कर्तव्य मोडतो आणि त्याच कृतीने वैध करारही घडवतो.

शेवटी बोअरकडे परत येऊ, कारण महाराष्ट्रात कलम ७ ची मुभा आता अखंड राहिलेली नाही. राज्याच्या १९९३ च्या भूजलविषयक कायद्याने पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून पाचशे मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदण्यास मनाई केली, आणि पुढे २००९ चा अधिक व्यापक कायदा आला. म्हणजे त्या वर्तुळात बोअर घेणाऱ्यावर कर्तव्य आहे, आणि परवानगी देणाऱ्या प्राधिकाऱ्याकडे ते कर्तव्य दूर करून मुभा देण्याची शक्ती आहे. पण हे कर्तव्य कोणाप्रती आहे? ते सार्वजनिक स्रोताच्या रक्षणासाठी आहे. बांधापलीकडच्या शेतकऱ्याची खासगी विहीर आटली म्हणून त्याला त्यावरून वैयक्तिक हक्क मिळतो, असे कर्तव्याच्या अस्तित्वावरून आपोआप सिद्ध होत नाही. कर्तव्याच्या समोर एखाद्या व्यक्तीचा हक्क असतोच, हे होफेल्डचे गृहीतक अशा सार्वजनिक कर्तव्यांपाशी अडखळते. काही अभ्यासक समोरच्या जागी राज्याला उभे करतात. काही म्हणतात की हक्कधारक नसलेलीही कर्तव्ये असतात. मला दुसरी भूमिका अधिक प्रामाणिक वाटते, कारण राज्याला हक्कधारक मानले तरी शेजारच्या शेतकऱ्याच्या हाती दावा येत नाही, आणि त्याची आटलेली विहीर घेऊन आलेल्या वकिलाला नेमके तेवढेच जाणून घ्यायचे असते.