फरक पद्धतीसाठी किती खाती तपासायची? तीन पर्यायांची तुलना

औषधांच्या घाऊक वितरकाच्या उधारीचे उदाहरण धरू. ग्राहकांची खाती 4,000, एकूण पुस्तकी येणे 6 कोटी, म्हणजे खात्यामागे सरासरी 15,000 रुपये. प्रत्येक खात्यात सरासरी किती रुपयांची चूक आहे, हे 95 टक्के विश्वासाने आणि ±150 रुपयांच्या आत सांगायचे आहे. नमुना किती मोठा घ्यायचा, हे तुम्ही नेमके काय मोजता यावर ठरते.

एक वाट अशी की नमुन्यातल्या खात्यांची तपासलेली शिल्लक घ्यायची आणि तिच्या सरासरीवरून एकूण येणे काढायचे. फरक पद्धतीत शिल्लक बाजूला राहते. प्रत्येक खात्याचा फरक (पुस्तकी वजा तपासलेली रक्कम) काढायचा आणि त्या फरकांची सरासरी घ्यायची. सूत्र दोन्हीकडे एकच:

```
n0 = (z × σ / E)^2
n  = n0 / (1 + n0/N)
```

इथे z = 1.96, E = 150, N = 4,000. बदलतो तो फक्त σ, म्हणजे प्रमाण विचलन. शिल्लकांचे विचलन 9,000 रुपये असेल, तर पहिल्या वाटेने n येतो 3,103. एवढ्यात जवळपास सगळी वही तपासून होते. फरकांचे विचलन 800 असेल, तर n0 = 109.3 आणि दुरुस्तीनंतर n = 107, कारण अपूर्णांक नेहमी वरच्या आकड्याला न्यायचा. मोठा ग्राहक आणि छोटा ग्राहक यांच्यातली तफावत फरकातून गळून पडते, म्हणून कष्ट वाचतात. पुस्तकी रक्कम खात्याखात्याने उपलब्ध आणि तिची बेरीज लेजरशी जुळलेली असेल, तर पहिल्या वाटेला जाण्याचे कारण उरत नाही.

E बद्दल मात्र सैल हात नको. तो 150 वरून 75 केला, तर 107 चे 395 होतात.

खरी अडचण आहे 800 आणायचे कुठून. गेल्या वर्षीचे फरक हाताशी असतील तर उत्तम, नाहीतर 30 ते 50 खात्यांचा यादृच्छिक प्राथमिक नमुना घ्यावा लागतो. इथे सर्रास दिसणारी चूक म्हणजे फक्त चुकीची खाती घेऊन STDEV.S लावणे. बरोबर निघालेल्या खात्यांचा फरक शून्य आहे आणि ते शून्य गणितात राहिलेच पाहिजेत. σ बद्दल शंका असेल तर 1,000 धरा. n 164 होईल, पण नंतर पुन्हा नमुना काढायची वेळ येणार नाही.

आता त्याच 800 मागची दोन चित्रे पाहा. एका वहीत दरातल्या फरकाची चूक आहे: बऱ्याच खात्यांत थोडीथोडी रक्कम कमी-जास्त. तिथे 107 खाती पुरतात. दुसऱ्या वहीत फक्त 3 टक्के खाती चुकलेली, पण प्रत्येकी 4,600 रुपयांनी. उदाहरणार्थ, वहीत 18,400, प्रत्यक्षात 13,800, कारण परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट चढवलीच नाही. याही वहीचे विचलन सुमारे 785 येते, म्हणजे सूत्राला दोन्ही वह्या सारख्याच.

पण दुसऱ्या वहीत 30 खात्यांचा प्राथमिक नमुना घेतला, तर त्यात एकही चूक न सापडण्याची शक्यता 40 टक्के आहे. मग σ शून्य आणि n देखील शून्य! 107 खात्यांतही एकच चूक सापडली, तर सरासरी 43 रुपये आणि मर्यादा साधारण ±83 येते, म्हणजे वरचे टोक 126. खरी सरासरी आहे 138. शून्य किंवा एक चूक सापडण्याचे प्रसंग सुमारे 16 टक्के असतात, म्हणजे कागदावर 95 टक्के लिहिलेला विश्वास प्रत्यक्षात तेवढा उरत नाही.

अशा वहीसाठी तिसरा पर्याय, मॉनेटरी युनिट सॅम्पलिंग, बरा. त्यात खाते नव्हे, तर रुपया निवडला जातो. सहन करता येईल अशी चूक 12 लाख धरली आणि चूक अपेक्षितच नसेल, तर 95 टक्के विश्वासाचा गुणक 3 घेऊन 6 कोटी × 3 ÷ 12 लाख = 150. चूक अपेक्षित असली, जशी इथे साडेपाच लाखांची, तर हा आकडा बराच वाढतो. शिवाय ही पद्धत जास्त दाखवलेल्या रकमा पकडते. वहीत 500 असून खरे येणे 5,000 असेल, तर ते खाते निवडले जाण्याची शक्यताच नगण्य, आणि शून्य शिल्लकेचे खाते तर कधीच येत नाही. कमी दाखवलेली येणी शोधायची असतील, तर फरक पद्धतच धरा.

निवडीसाठी आमचा ठोकताळा सोपा आहे: प्राथमिक नमुन्यात शून्याव्यतिरिक्त फरक मोजा. 50 पैकी दहा-पंधरा खाती चुकलेली आणि फरक दोन्ही बाजूंना असतील, तर फरक पद्धत. एक-दोनच असतील, तर सूत्रातून आलेल्या n वर सही करू नका. मोठी खाती वेगळी काढून सगळी तपासा आणि उरलेल्यांवर मॉनेटरी युनिट सॅम्पलिंग लावा.