कोऱ्या लेबलाची सवय: चित्र तयार करणाऱ्या एआय साधनाचा आठ महिन्यांचा अनुभव

सोलापुरात छोट्या उद्योगांची लेबले आणि पाट्या तयार करण्याचे काम मी करतो. गेले आठ महिने त्यासाठी चित्र तयार करणारे एआय साधन वापरत आहे. प्रकाश, काचेची चमक, लाकडी टेबलाचा पोत यांत ते माझी अपेक्षा पुरी करते; अक्षरांत मात्र नाही.

पहिलेच काम शेंगा चटणीच्या बरणीचे होते. लेबलावर ‘सोलापुरी शेंगा चटणी’ असे लिहिलेले हवे, हे मी वर्णनात स्पष्ट दिले होते. चित्र दुरून अगदी खरे वाटले, कारण शिरोरेषा सरळ होती आणि तिच्याखाली अक्षरांसारखे आकार लोंबत होते. दोनशे टक्के मोठे करून पाहिल्यावर ‘ट’ आणि ‘ण’ यांच्या जागी एकच गुंतलेला आकार दिसला, आणि ‘शें’वरच्या मात्रा-अनुस्वाराचा एक ठिपका झाला होता.

असे का होते, हे समजून घेतल्यावर माझी कामाची पद्धतच बदलली. या जातीची अनेक साधने चित्र थेट पिक्सेलच्या ठिपक्यांत न घडवता आधी आक्रसलेल्या रूपात घडवतात. त्यात आठ बाय आठ ठिपक्यांचा चौकोन एका घरात मावतो. लेबलावरचे अक्षर वीस ठिपके उंच असेल, तर त्याच्या वाट्याला जेमतेम अडीच घरे येतात आणि अनुस्वाराला एक घरही पुरते मिळत नाही. शिवाय साधनाला आपला शब्द अक्षराअक्षराने दिसत नाही. तो तुकड्यांच्या संकेतांत पोहोचतो, त्यामुळे ‘चटणी’त कोणत्या अक्षरानंतर कोणते येते याची त्याला खात्रीच नसते. छोटे इंग्रजी शब्द हल्ली बरेचदा नीट येतात. माझ्या कामात जोडाक्षरे अजूनही मोडतात.

म्हणून आता मी वर्णनात ‘कोरे, फिकट कागदी लेबल’ एवढेच मागतो. तरीही रेघोट्या उमटल्याच, तर तेवढा भाग निवडून पुन्हा घडवून घेतो. मजकूर इंकस्केप या रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये मुक्त फाँटात जुळवतो, जोडाक्षरे तपासतो आणि मगच अक्षरांचे आकारांत रूपांतर करतो. पुढे चित्रात त्यांना बरणीच्या गोलाईइतका बाक देतो आणि थर ‘मल्टिप्लाय’वर ठेवतो, म्हणजे कागदाचा पोत आणि सावली शाईतून दिसते. शाई निव्वळ काळी ठेवली तर अक्षरे वरून चिकटवल्यासारखी वाटतात. ती किंचित करडी करून, चित्राइतकीच पुसट करावी लागते.

चादरीच्या घडीवरचे नाव अजून जिकिरीचे आहे. तेथे नुसता बाक पुरत नाही. कापडाच्या उजेड-सावलीवरून अक्षरे सरकवणारा नकाशा लावावा लागतो, आणि खोल घडीत तोही फसतो. तशा वेळी मी सपाट घडीचे चित्र नव्याने मागतो.

छपाईला देण्यापूर्वी मजकूर शेवटच्या शब्दापासून उलटा वाचतो. सवयीने सुलट वाचताना मागच्या महिन्यात ‘ग्रॅम’चा ‘ग्राम’ झालेला माझ्या नजरेतून सुटला होता, आणि ती चूक माझ्याच हातची होती.