सहा कॉईल जळाल्या, त्यातली एक तर माझीच जुनी होती

साकीनाक्याला आमचा गाळा आहे, गारमेंट फिनिशिंगचा, म्हणजे शिवून आलेला माल स्टीम प्रेस करून पॅक करायचा. तीन इस्त्रीची टेबलं आणि एक छोटा बॉयलर. त्यातल्या मधल्या टेबलाच्या स्टीम लाईनवर पेडल दाबलं की विजेवर उघडणारा सोलेनॉइड व्हॉल्व्ह आहे, त्याची कॉईल मार्च ते जुलैमध्ये सहा वेळा जळाली. दर वेळी कॉईलचे 1900 आणि व्हिजिटचे 600, म्हणजे 15000 गेले, वर स्टॅबिलायझरचे 8500 वेगळेच. ज्यांच्याकडे स्टीमवर, पाण्यावर किंवा हवेवर असे व्हॉल्व्ह आहेत त्यांनी वाचावं म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

सर्व्हिसवाला कोण ते लिहीत नाही. माणूस बोलायला एकदम गोड, फोन केला की तासाभरात हजर, त्यामुळे संशय यायला वेळ लागला. यायचा, जळकी कॉईल काढायचा, नवी बसवायचा आणि जळकी बॅगेत टाकून न्यायचा, "मॅडम कंपनीला दाखवावी लागते". बिल मागितलं की पुढच्या वेळी देतो. तिसऱ्या वेळी म्हणाला तुमच्याकडे व्होल्टेज जास्त येतंय म्हणून जळतात, स्टॅबिलायझर लावा. मी लावला. अठरा दिवसांनी चौथी जळाली.

चौथ्या वेळी मला त्या कॉईलच्या पत्र्याच्या डब्यावर ताजा रंग आणि रंगाखाली जुना ओरखडा दिसला. नव्या वस्तूला ओरखडा कसा? तो यायच्या आधी मी त्या जळक्या कॉईलच्या डब्याच्या आतल्या कडेला दाभणाने तीन रेघा मारून ठेवल्या. काही बोलले नाही, त्याला नेऊ दिली. जुलैत सहावी "नवी" कॉईल आली आणि जळाली तेव्हा त्याला न बोलावता मी स्वतः मेन बंद करून ती उघडली, आत माझ्याच तीन रेघा. हात थरथरत होते माझे. सगळा प्रकार रिवाइंडिंगचा होता, जळकी न्यायची, आतली तार बदलायची, वर स्प्रे मारायचा आणि परत मलाच नवी म्हणून विकायची. पूर्ण प्लास्टिकमध्ये ओतलेली मोल्डेड कॉईल अशी सहज रिवाइंड करता येत नाही, पण पत्र्याच्या डब्यात बॉबिन असलेली येते, आणि माझी तीच होती.

वरच्या मजल्यावर एक काका आहेत, आयुष्यभर मिलमध्ये मेन्टेनन्स केलेले, त्यांना दाखवली. ते म्हणाले पोरी आधी लोहार चाळीतून बिलासकट अस्सल कॉईल आण, मग बोलू. आणली, 1150 ला. काकांनी मल्टिमीटरने दोन्हींचा रेझिस्टन्स मोजला, नवीचा 520 ओहम. जळकीचा भरवसा नाही कारण जळून वेढे शॉर्ट झाले की आकडा कमीच येतो, म्हणून त्यांनी शेवटच्या टेबलावरची मोजली, तीही ह्याच माणसाने बसवलेली आणि अजून चालू होती, ती 380. तेवढ्याच डब्यात वेढे कमी घातलेले. एसी कॉईलला वेढे कमी झाले की करंट वाढतो आणि उष्णता त्याहून जास्त वाढते. शिवाय अस्सल कॉईलवर क्लास एच आणि ED 100% छापलेलं होतं, म्हणजे आतलं इन्सुलेशन 180 डिग्रीपर्यंतचं आणि कॉईल सलग चालू ठेवली तरी चालणारी. आमची मुलं घाईत पेडल दाबूनच ठेवतात आणि खाली 4 बारची स्टीम, म्हणजे पाईपच दीडशे डिग्रीचा, तिथे साध्या वार्निशची तार किती टिकणार.

मला वाटलं चला, चोर सापडला, विषय संपला. पण काकांनी नवी कॉईल बसवल्यावर लगेच सोडलं नाही, आणि बरं झालं, नाहीतर तीही गेली असती. आधी व्होल्टेज बघितलं, बोर्डवर नाही तर कॉईलच्याच टर्मिनलवर, पेडल दाबून, स्टॅबिलायझर बायपास करून. सकाळी 231, दुपारी सगळ्या मशिनी चालू असताना 222, रात्री 236. 230 च्या कॉईलला दहा टक्के वरखाली चालतं, म्हणजे 207 ते 253. स्टॅबिलायझरची गरजच नव्हती!

मग करंट. करंट इतका बारीक असतो की क्लॅम्प मीटर धड दाखवत नाही, म्हणून काकांनी कॉईलची एकच वायर क्लॅम्पच्या जबड्यातून दहा वेळा फिरवली आणि आकड्याला दहाने भागलं. 0.19 अँपिअर, आणि तिथेच थांबला, व्हॉल्व्ह घूं घूं करत होता. इथेच खरी गोष्ट कळली. एसी कॉईल चालू होताना जास्त करंट ओढते आणि आतला लोखंडी दांडा म्हणजे प्लंजर पूर्ण वर चिकटला की करंट एकदम खाली येतो. प्लंजर अर्ध्यात अडकला तर तो सुरुवातीचाच करंट चालू राहतो आणि कॉईल भाजून निघते, मग ती कितीही अस्सल असो. स्टीम बंद करून, लाईन थंड होऊ देऊन व्हॉल्व्ह उघडला तर प्लंजरच्या नळीत गंज आणि क्षाराचा थर, व्हॉल्व्हच्या आधीचा, गाळ अडवणारा स्ट्रेनरही फाटलेला. नळी साफ केली, प्लंजर आणि स्प्रिंग नवे टाकले, स्ट्रेनर बदलला. परत मोजलं तर 0.08. आवाजही गेला. सहा वेळा आलेल्या माणसाने एकदाही व्हॉल्व्ह उघडला नव्हता, उलट कॉईल नळीवरून काढून हवेत धरून सप्लाय चालू ठेवून "टेस्ट" करायचा. मध्ये प्लंजर नसला की एसी कॉईल काही मिनिटांतच जळू शकते, हे त्याला माहीत नसेल असं मला वाटत नाही.

पावसाळ्याचा भाग वेगळा. कनेक्टरखालचं रबरी गॅस्केट त्याने कुठेतरी हरवलं होतं आणि वायरचं तोंड वरच्या बाजूला, त्यामुळे टेबलाची वाफ थंड होऊन पाणी वायरवरून थेट आत. पिनांवर हिरवं चढलं होतं. गॅस्केट टाकलं, तोंड खाली फिरवलं, वायरला खाली झोळ दिला म्हणजे पाणी तिथूनच टपकतं.

कॉईल हाताला चटका देते म्हणून घाबरू नका, स्टीमवरची देणारच. तासभर चालवून, मेन बंद करून लगेच ओहम मोजा. आमची थंड असताना 520, गरम झाल्यावर 650, म्हणजे पंचवीस टक्के वाढ, तांब्याच्या हिशोबाने साधारण 65 डिग्रीने तापली, गाळ्यातले 32 धरून शंभरच्या आत. क्लास एचला हे काहीच नाही.

त्याला फोन करून तीन रेघांचं सांगितलं, पैसे परत मागितले. म्हणाला गोडाऊनमध्ये मिक्स झाली असेल, नंतर नंबर ब्लॉक. बिल नाही म्हणून तक्रारीत दाखवायला माझ्याकडे फक्त ती एक कॉईल आहे. शेवटच्या टेबलाची 380 वाली पण काढली, दोन्ही तारीख लिहून डब्यात ठेवल्यात. तुमच्याकडे कोणी जळकी कॉईल "कंपनीला दाखवायला" मागत असेल तर देऊ नका, आणि दिलीच तर आधी आतून खूण करा.